परिपत्रकातला पाचवा मुद्दा

रायपूर राजधानी होऊन काही वर्षे लोटली होती. शहरात नव्या शाळा झपाट्याने उघडत होत्या आणि त्यांतल्याच एका मध्यम आकाराच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी गणित शिकवीत होते. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरापासून शाळा स्कूटरने पंधरा मिनिटांवर होती. सातवीच्या दोन तुकड्यांचे गणित आणि संपूर्ण शाळेच्या परीक्षांचे कामकाज, असे दुहेरी काम माझ्याकडे होते. दुसरे काम मला मिळाले ते माझ्या अक्षरामुळे आणि तक्ते नीट आखण्याच्या सवयीमुळे, असे मुख्याध्यापिकांनी एकदा सर्वांसमोर सांगितले होते. ते कौतुक होते की टोमणा, हे मी कधी तपासून पाहिले नाही.

त्या सुमारास परीक्षा मंडळाने मूल्यमापनाची नवी पद्धत आणली. वर्षाचे दोन सत्रांत विभाजन झाले. प्रत्येक सत्रात दोन आकारिक मूल्यमापने आणि शेवटी एक संकलित मूल्यमापन. प्रत्येक आकारिकाला वर्षाच्या एकूण शंभरांतले दहा टक्के, प्रत्येक संकलिताला तीस टक्के. म्हणजे चार आकारिकांचे चाळीस आणि दोन संकलितांचे साठ. गुणांऐवजी श्रेणी द्यायची होती, ए-वन पासून ई-टू पर्यंत नऊ. पालकांच्या तोंडी लवकरच आकारिकासाठी 'एफए' आणि संकलितासाठी 'एसए' या दोनच अक्षरजोड्या राहिल्या. भाजीच्या गाडीपाशी, मंदिराच्या पायरीवर, बायका एकमेकींना विचारीत, "आपके यहाँ एफए-वन हो गया?"

शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हाला दोन्हींतला फरक समजावून सांगण्यात आला होता आणि मला तो मनापासून पटला होता. संकलित मूल्यमापन हे शिकणे संपल्यावर होते. ठरावीक काळात मुलाने किती मिळवले, याचा तो हिशेब. आकारिक मूल्यमापन हे शिकणे चालू असताना होते. मूल कुठे अडले आहे ते पाहायचे आणि त्याप्रमाणे शिकवणे बदलायचे, यासाठी ते असते. वर्गातले प्रश्न, तोंडी उत्तरे, गृहपाठ, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी, ही त्याची साधने. साधन परीक्षेसारखे दिसले तरी हेतू वेगळा असतो. हेतूवरूनच नाव ठरते.

हे सगळे पालकांना कळावे म्हणून परिपत्रक काढायचे ठरले आणि ते लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी हिंदीत पाच मुद्दे लिहिले. पहिला सत्रांचा, दुसरा टक्केवारीचा, सोबत तक्ता. तिसऱ्यात आकारिकात काय काय येते ते, चौथ्यात संकलित परीक्षा कधी आणि कशी. पाचवा मुद्दा अर्थाचा होता. त्यात मी लिहिले होते की आकारिक मूल्यमापनातली श्रेणी म्हणजे मुलावरचा निर्णय नव्हे. मुलाला कुठे मदत हवी आहे याची ती सूचना आहे. एका आकारिकावरून पालकांनी मुलाबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये, शिक्षकांना भेटावे. आधी सामग्री, मग कृती, शेवटी निष्कर्ष, या क्रमाची मला लहानपणापासून सवय होती. म्हणून सर्वांत महत्त्वाचे वाक्य सर्वांत शेवटी गेले.

मसुदा दोन कागदांचा झाला. मी दोन्ही कागद तीन वेळा तपासले. वेलांट्या, टक्के, तारखा, सगळे बरोबर होते. मुख्याध्यापिकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले आणि म्हणाल्या, "दो पन्ने? पैरेंट्स पढ़ते कहाँ हैं मैडम, टेबल देखते हैं। एक ही पन्ने पर आगे-पीछे छपवा दीजिए। और नीचे पावती ज़रूर रखिए, साइन करके काट के भेजें।"

कार्यालयातल्या बाबूंनी तसेच छापून आणले. मी गठ्ठा मोजून वर्गावर्गांत पाठवला. आठवड्याभरात पालकांच्या सह्यांच्या पावत्या परत आल्या. माझ्या वर्गाच्या बेचाळीसपैकी एकेचाळीस आल्या, त्या मी रबर लावून खणात ठेवल्या. एका मुलाने उरलेल्या एका पावतीचे विमान केले होते, असे त्याच्या शेजाऱ्याने मला सांगितले. परिपत्रकाचे काम माझ्या दृष्टीने पूर्ण झाले.

त्यानंतर पहिले आकारिक झाले आणि श्रेणीपत्रके घरी गेली. दोन दिवसांनी, मंगळवारी, मधल्या सुट्टीच्या थोडे आधी बाबू स्टाफरूमच्या दारात आले.

"मैडम, आपकी सातवीं की एक लड़की के पापा आए हैं। टीसी का अर्जी देने बोल रहे हैं।"

टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. वर्ष सुरू होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. मी खडू ठेवून कार्यालयात गेले.

बाकावर एक चाळिशीचे गृहस्थ बसले होते. निळा शर्ट, खिशाला कारखान्याचे ओळखपत्र, मांडीवर हेल्मेट. शेजारी त्यांची मुलगी गणवेशात उभी होती. ही माझ्या वर्गातली तिसऱ्या बाकावरची, शांत, वही स्वच्छ ठेवणारी. तिचे डोळे लाल झाले होते. मी हिंदीत सुरुवात केली, पण त्यांनी माझ्या आडनावाची पाटी वाचली असावी.

"मॅडम मराठी हाये ना तुमी? मंग मराठीतच बोलतो. आमी गोंदियाकडचे. इथं सिलतऱ्याले लोखंडाच्या कारखान्यात लॅबमधी हावो. दोन वाजताची पाळी हाये माही, म्हून जरा घाईत आलो."

"काय झालं? दाखला कशाला हवा आहे?"

त्यांनी श्रेणीपत्रक पुढे केले. गणितासमोर 'डी' होते, माझ्याच हातचे. "पह्यल्याच परीक्षेत डी. याच्या खाली तर नापासच ना? तुमचा तक्ता वाचला मी. दहा टक्के, दहा टक्के, तीस टक्के. समजते मले हिशेब. पण सुरुवातच अशी हाये तर पुढं काय होईन? इंग्रजीतलं गणित तिले झेपून नाही राहिलं. माह्या भावाची पोरगी आमच्या मोहल्ल्यातल्या हिंदी शाळेत जाते. तिथं सीट हाये एक. शनिवारी बारा वाजेपर्यंत कागद मांगतले त्यायनं. मंग बंद."

"मुझे नहीं जाना," मुलगी भिंतीकडे पाहून म्हणाली.

"पाहा, रात्रीपासून हेच चालू हाये."

"पापा, आप तो सुनते ही नहीं!"

"तू चूप राय. मॅडमसमोर अशी बोलते का?" मग माझ्याकडे वळून, थोड्या ओशाळलेपणाने, "घरी मराठीत बोला म्हटलं तरी पोट्टी हिंदीतच उत्तर देते."

मी त्यांना शांतपणे म्हटले, "अहो, ही परीक्षाच नव्हे त्या अर्थाने. परिपत्रकातला पाचवा मुद्दा वाचला नाही का तुम्ही? त्यात स्पष्ट लिहिलं आहे, एका आकारिकावरून निष्कर्ष काढू नका म्हणून."

"पाचवा?" त्यांनी शर्टाच्या खिशातून परिपत्रक काढले. चार घड्या घातलेले होते. तक्त्यावर पेन्सिलीने त्यांनी आकडेमोड केलेली होती. "मॅडम, चारच हायेत इथं."

"मागच्या बाजूला पाहा."

"मागंच पाह्यलं. चार. मंग कागदच संपते."

मी कागद हातात घेतला. खरेच, मागच्या बाजूला तिसरा आणि चौथा मुद्दा होता. चौथ्याच्या खाली कात्रीची सरळ कड होती. पावती कापून पाठवलेली. मी स्टाफरूममध्ये जाऊन खणातला गठ्ठा आणला, रबर काढले आणि पहिली पावती उलटी केली. समोर पालकांची सही, मागे पाचवा मुद्दा, पूर्ण, शेवटच्या पूर्णविरामासह. दुसरी उलटली. तिसरी उलटली. एकेचाळीस पालकांनी, मी सांगितल्याप्रमाणे, नीट कापून, परिपत्रकाचा अर्थ मला परत पाठवला होता.

दोन्ही कागद मी तीन तीन वेळा तपासले होते, पण स्वतंत्र. एकामागे एक छापल्यावर काय कशाच्या पाठीशी येते, ते पाहणे मला सुचले नव्हते.

बाबूंनी खांद्यावरून डोकावून पाहिले. "हव मैडम, आगे-पीछे छापने तो आप लोग ही बोले थे।"

"हो, आम्हीच बोललो होतो," मी मराठीतच म्हणाले.

गृहस्थांनी पावती हातात घेऊन पाचवा मुद्दा दोनदा वाचला. ओठ हलवीत, सावकाश. वाचून झाल्यावर ते रागावले नाहीत. फक्त त्यांचा चेहरा बदलला. आतापर्यंत ते पालक म्हणून बोलत होते, आता ते त्यांच्या कामाच्या जागी उभे राहून बोलू लागले.

"म्हंजे ही बाथची सॅम्पल झाली."

"कसली?"

"भट्टीत लोखंड वितळत असते ना मॅडम, तवा मधातच चमच्यानं थोडंसं काढतात अन् आमच्याकडं लॅबमधी पाठवतात. कार्बन किती, मँगनीज किती, आमी दहा मिनिटांत सांगतो. कमी असन तर भट्टीवाले वरतून टाकतात. ते झालं बाथ सॅम्पल. मंग माल वतल्यावर शेवटची सॅम्पल घेतात, ती सर्टिफिकेटवर जाते गिऱ्हाइकाकडं. ती आली की मंग काही टाकता येत नाही."

मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात तीन दिवस बसले होते. इतके स्वच्छ उदाहरण तिथे कोणी दिले नव्हते. "अगदी बरोबर," मी म्हणाले. "आकारिक म्हणजे तुमचं मधलं सॅम्पल. संकलित म्हणजे शेवटचं."

"हो, पण मंग मले दोन गोष्टी सांगा." त्यांनी हेल्मेट बाकावर ठेवले. "बाथ सॅम्पलचे आकडे आमी सर्टिफिकेटवर लिहत नाही. तुमी काहून लिहता? दहा टक्के धरलेच ना तुमी?"

याला मी उत्तर दिले, पण ते चांगले उत्तर नव्हते. मंडळाने तसे ठरवले आहे, आकारिकाला वजन दिले नाही तर मुले आणि शाळा ते गंभीरपणे घेणार नाहीत, अशी त्यामागची भूमिका आहे, असे मी सांगितले. ते ऐकताना मलाच जाणवत होते की मूल्यमापन मदतीसाठी असेल आणि त्याचे गुणही अंतिम बेरजेत जात असतील, तर पालक त्याला परीक्षाच समजणार. पुढे शाळाशाळांतून हीच तक्रार होत राहिली. त्या दिवशी मी एवढेच म्हणाले, "ते माझ्या हातात नाही."

"बरं. दुसरं. सॅम्पल खराब आली तर आमी भट्टीवाल्याले नुसतं 'खराब' म्हून सांगत नाही. काय कमी हाये ते सांगतो. तुमी 'डी' लिहलं. माह्या पोरीत काय कमी हाये?"

त्यांच्या आवाजात आव्हान नव्हते. त्यांना खरेच उत्तर हवे होते.

मी तिची उत्तरपत्रिका मागवली. चाचणी पूर्णांकांवर होती. लेखी वीस गुणांची, गृहपाठवही दहाची, गटातला उपक्रम दहाचा. तिला अनुक्रमे पाच, तीन आणि सात मिळाले होते. चाळीसपैकी पंधरा, साडेसदतीस टक्के, तेहेतीस ते चाळीसच्या दरम्यान, म्हणून 'डी'. बेरीज अचूक होती. पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहिले होते, 'और मेहनत करो।' बेचाळीसपैकी निदान बारा उत्तरपत्रिकांवर मी हेच लिहिले असेन.

त्या बाकावर बसूनच मी उत्तरपत्रिका पुन्हा वाचली, या वेळी गुण देण्यासाठी नाही. उणे सात अधिक चार, उत्तर उणे तीन, बरोबर. बेरजेची सगळी उदाहरणे बरोबर होती. वजाबाकीपाशी मात्र प्रत्येक ठिकाणी तेच. उणे तीन वजा उणे पाच, हिचे उत्तर उणे आठ. चार वजा उणे सहा, हिचे उत्तर उणे दोन. दोन उणे चिन्हे शेजारी आली की ती दुसरे चिन्ह सोडून देत होती आणि उरलेली आकडेमोड निर्दोष करीत होती. गृहपाठातही तेच. इंग्रजीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पंचवीस गुण गेले होते, आणि त्यांतले बहुतेक एकाच चुकीमुळे.

मी त्यांना ते दाखवले. त्यांनी बोटाने एकेक उदाहरण तपासले. "हे एकच?"

"बहुतेक हेच एक. ते मी दोन आठवड्यांपूर्वीच पाहायला हवं होतं."

त्यांनी उत्तरपत्रिका मिटून माझ्याकडे दिली. मग त्यांनी बाबूंकडे पाहिले. अर्ज बाबूंच्या टेबलावर होता, त्यावर शिक्का अजून पडला नव्हता. "अर्ज राहू द्या तुमच्यापाशी. शनिवारी सकाळी येतो मी दहा वाजता. तोवर काय होते ते पाहू. झालं नाही तर बाराच्या आत मले तिकडं पोहोचायचं हाये. मी तिथल्या सीटवर पाणी नाही सोडत, मॅडम, आधीच सांगतो."

"योग्य आहे," मी म्हणाले.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात बोलावले. फरशीवर खडूने लांब रेघ ओढली, मध्ये शून्य, उजवीकडे दहापर्यंत, डावीकडे उणे दहापर्यंत. नियम दोन सांगितले. बेरीज असेल तर तोंड उजवीकडे, वजाबाकी असेल तर तोंड डावीकडे. संख्या धन असेल तर पुढे चालायचे, ऋण असेल तर पाठ न वळवता मागे चालायचे. ती उणे तीनवर उभी राहिली. वजाबाकी, म्हणून डावीकडे तोंड केले. उणे पाच, म्हणून एकेक पाऊल मागे.

डबा खात बसलेल्या मुलांपैकी एक ओरडला, "अरे देख, मूनवॉक कर रही है!"

"चुप, तुझे तो वो भी नहीं आता," तिने उलटे चालत चालतच उत्तर दिले. पाचवे पाऊल पडले तेव्हा ती थांबली आणि खाली पाहिले. "दो? मैडम, मैं पीछे चली और आगे आ गई?"

"का आली?"

ती विचार करू लागली. मी उत्तर दिले नाही. सुट्टीची घंटा होईपर्यंत तिने तेच गणित चार वेळा चालून पाहिले. गुरुवारी तिच्याबरोबर आणखी सहा जण रेघेवर आले. त्यांच्याही उत्तरपत्रिकांत तीच चूक होती, हे मला त्या दोन रात्रींत त्या पुन्हा चाळताना आढळले होते. एका चाचणीत सात मुलांची एकच चूक, आणि मी प्रत्येकाला वेगळी श्रेणी देऊन मोकळी झाले होते.

मुख्याध्यापिका जाता जाता थांबल्या. "ये क्या चल रहा है? फर्श कौन धोएगा?"

"मी धुईन," असे म्हणायचे होते, पण तोंडून निघाले, "एफए-वन चल रहा है मैडम।"

"वो तो हो गया न! ग्रेड कार्ड भी चले गए।"

"जी, ग्रेड चले गए।"

त्या रेघ ओलांडून पुढे गेल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावले आणि परिपत्रक दुरुस्त करून पुन्हा काढायला सांगितले, या वेळी अर्थाचा मुद्दा सर्वांत वर आणि पावती स्वतंत्र चिठ्ठीवर. कागद वाया जातो, हेही सांगितलेच.

शुक्रवारी मी मुलीला वजाबाकीची दहा उदाहरणे दिली, कागदावर, रेघेशिवाय. तिने आठ बरोबर सोडवली. एक गणित तिने घाईत नीट उतरवून घेतले नव्हते, आणि एकात पहिलीच संख्या ऋण आणि दुसरी तिच्याहून मोठी असल्याने ती गोंधळली होती. मी कागदावर श्रेणी लिहिली नाही. लिहिले ते असे : वजाबाकीतले दुसरे चिन्ह आता सुटत नाही. मोठी ऋण संख्या आली की रेघ डोळ्यांसमोर आणावी लागते, त्याचा आणखी सराव हवा. अपूर्णांक सुरू होण्यापूर्वी दोन दिवस. त्या कागदावर एवढे लिहायला मला जितका वेळ लागला, तितक्या वेळात पूर्वी माझ्या पाच उत्तरपत्रिका तपासून होत असत.

शनिवारी दहाला पाच मिनिटे कमी असताना ते आले. मुलगी आईने वेणी घालून दिल्यासारखी नीटनेटकी, त्यांच्या मागे. मी कागद दिला. त्यांनी आधी उदाहरणे पाहिली, मग माझे लिहिलेले वाचले, मग पुन्हा उदाहरणे.

"ही डी बदलन का?"

"नाही. गेलेली श्रेणी तशीच राहील. ती त्या वेळची होती आणि ती बेरजेत जाईल."

"म्हंजे नुकसान झालं ते झालं."

"सहा टक्क्यांच्या आसपास. वर्षाचे नव्वद टक्के अजून बाकी आहेत."

त्यांनी मुलीकडे पाहिले. "उणे नऊ वजा उणे दोन?"

वडिलांसमोर तिचे हात घट्ट मिटले होते. मग तिची नजर फरशीवर डावीकडून उजवीकडे सरकत गेली. "माइनस सात."

"पक्का?"

"पक्का. दोन कदम पीछे, तो माइनस सात."

त्यांनी मनाशी पडताळून पाहिले. मग त्यांनी बाबूंपुढे हात केला. "भैया, वो अर्जी वापस दे दो।"

बाबूंनी फायलीतून अर्ज काढून दिला. त्यांनी तो फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला. त्याचा अर्थ मला कळला आणि मी तो गैर मानला नाही. पालकाने निर्णय पुढच्या सॅम्पलपर्यंत राखून ठेवणे, हा त्यांचा हक्क होता. मुलीने मात्र तो कागद खिशात जाताना पाहिला आणि "मैं क्लास जाऊँ?" एवढेच विचारले. उत्तराची वाट न पाहता ती जिन्याकडे पळाली.

"डबा घेऊन जा!" ते मागून ओरडले. ती परतली, डबा घेतला आणि पुन्हा पळाली.

ते गेल्यावर मी स्टाफरूममध्ये जाऊन बसले. समोर दोन तुकड्यांच्या उत्तरपत्रिका होत्या. श्रेणी सगळ्यांवर होती. मी लाल पेन बाजूला ठेवले, पेन्सिल घेतली, वरची पहिली उत्तरपत्रिका उघडली आणि हा मुलगा नेमका कुठे अडला आहे, ते शोधायला लागले.